‘हरि’ न म्हणता सोडलेल्या दोन मात्रा

आमच्या भजनी मंडळात चौदा जण आहेत आणि पेटी माझ्याकडे असते, म्हणून सगळ्यांसाठी कागद लिहून काढायचं कामही माझ्याकडेच आलं. काही वर्षांपूर्वी एका देवळातल्या कार्यक्रमासाठी मी नामघोषाचा कागद तयार केला आणि त्यात एका जागी सलग आठ अवग्रह टाकले: ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ. माझ्या मनात होतं की इथे पूर्ण आवर्तनभर, म्हणजे तालाची आठ मात्रांची एक फेरी संपेपर्यंत, सगळ्यांनी गप्प राहायचं. तालमीला मी नव्हते. कार्यक्रमात ती जागा आली तेव्हा अर्ध्या बायका थांबल्या, अर्ध्यांनी आधीचा सूर तसाच लांबवला, टाळवाल्या काकांनी टाळ चालूच ठेवले आणि पखवाजवाल्यांना वाटलं की कुणीतरी चुकलं, म्हणून त्यांनी सांभाळून घ्यायला एक जोरदार तुकडा वाजवला. चूक त्यांची कुणाचीच नव्हती. मी जे चिन्ह लिहिलं होतं त्याचा अर्थच तो होता.

आपल्याकडे शिकवणीत जी भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वापरतात तिच्यात ऽ म्हणजे अक्षर लांबवा. ‘रा ऽ म’ लिहिलं की ‘रा’ दोन मात्रांचा. स्वरांच्या ओळीत हेच काम आडवी रेघ करते: ‘ग –’ म्हणजे गंधार दोन मात्रा. दोन्ही खुणा आवाज चालू ठेवायला सांगतात. तबल्याच्या कागदावर मात्र तोच ऽ ‘इथे आघात नाही’ असं सांगतो, आणि तबल्याचा नाद तसाही लगेच विरतो, म्हणून तिथे ‘लांबव’ आणि ‘थांब’ यांत फरक पडत नाही. गाणाऱ्याला तो पडतो. त्यामुळे एकाच कागदावर एकच खूण गायकाला ‘चालू ठेव’ आणि वादकाला ‘हात उचल’ असं सांगते, आणि आठ मात्रांत भांडण उभं राहतं.

गंमत अशी, की हे चिन्ह मुळात थांबण्याशी जोडलेलं आहे. अवग्रह या शब्दाचा अर्थच तोडणं, अलग करणं. वेदांच्या पदपाठात सामासिक शब्दाचे दोन भाग वेगळे दाखवायला ते वापरतात, आणि म्हणणारा तिथे किंचित थांबतो. वेदपठण करणाऱ्यांनी थांबणं किती बारकाईने मोजलं होतं हे तैत्तिरीय प्रातिशाख्य या उच्चारनियमांच्या ग्रंथात दिसतं: ऋचा संपली की तीन मात्रांचा विराम, पद संपलं की दोन, दोन शब्दांमध्ये स्वराला स्वर भिडला की एक, आणि एकाच शब्दाच्या पोटात असं झालं तर अर्धी. एका आवाजात म्हणणाऱ्या बटूंना कुठे किती गप्प राहायचं हे पाठ करावं लागे. म्हणजे विराम मोजून शिकवणं हे काही आपण पेटीवाल्यांनी काल शोधलेलं खूळ नाही. फक्त भजनात ते लिहायची सवय राहिली नाही, कारण भजन कागदावरून नव्हे तर बुवांच्या तोंडाकडे बघून शिकतात.

त्या फजितीनंतर मी कागदात एक पोकळ चौकोन आणला: □. एक चौकोन म्हणजे एक मात्रा, आणि त्या मात्रेत त्या माणसाने काहीही करायचं नाही. मंडळात त्याला लगेच ‘डबा’ नाव पडलं. ‘इथे किती डबे आहेत गं?’ असं आता काकू विचारतात. चौकोनच का, याला काही शास्त्र नाही. तो ऽ सारखा दिसत नाही आणि चष्मा विसरलेल्यालाही दिसतो, एवढंच.

पण चौकोनाने निम्माच प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा असा: गप्प कोण?

भजनात आवाजाचे तीन थर असतात. शब्द, ठेका आणि आधाराचा सूर. शब्द थांबले आणि ठेका चालू राहिला, तर ऐकणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते, शांतता नव्हे. तो मनातल्या मनात नाम चालू ठेवतो. ठेका थांबला आणि पेटीचा षड्ज राहिला, तर काळ थबकल्यासारखा होतो, पण पायाखाली जमीन असते. तिन्ही थांबले की मग खरी शांतता, आणि तिचं वजन फार. मला वाटतं पहिला प्रकार भजनात कितीही वेळा चालेल, दुसरा दोनतीनदा आणि तिसरा एका बैठकीत एकदाच. तिसरा दोनदा केला की लोकांना युक्ती कळते आणि दुसऱ्या वेळी ते फक्त ‘आता केव्हा सुरू होणार’ याची वाट बघतात.

म्हणून कागदावर एकच ओळ असून भागत नाही. शब्दांची, ठेक्याची आणि पेटीची अशा तीन ओळी एकाखाली एक लिहाव्या लागतात, आणि कुठला डबा कुणाच्या ओळीत आहे हे दिसावं लागतं. आम्ही ‘जय जय राम कृष्ण हरि’ हा नामघोष केरव्यात म्हणतो. केरवा आठ मात्रांचा, पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. हा मंत्र त्यात इतका चपखल बसतो की प्रत्येक मात्रेला एक घास: जय, जय, रा, म, कृ, ष्ण, ह, रि. लय संथ, मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे एक मात्रा एक सेकंद. आवर्तनं मोठ्याने, मग हळू, मग अगदी पुटपुटल्यासारखी होतात, आणि त्यानंतर कागदावर हे येतं:

आवर्तन क
(मात्रा) १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८
(खूण) × | ०
(शब्द) जय जय रा म | कृ ष्ण □ □
(ठेका) धा गे ना ती | न क □ □
(पेटी) सा ऽ ऽ ऽ | ऽ ऽ ऽ ऽ

आवर्तन ख
(शब्द) □ □ □ □ | □ □ □ □
(ठेका) □ □ □ □ | □ □ □ □
(पेटी) □ □ □ □ | □ □ □ □

आवर्तन ग
(बुवा) □ □ □ □ | □ □ ह रि
(बाकी) □ □ □ □ | □ □ □ श
(ठेका) □ □ □ □ | □ □ □ □
(पेटी) □ □ □ □ | □ □ सा ऽ

आवर्तन घ
सगळे समेवर ‘जय’, ठेका पूर्ण.

‘क’ मध्ये मंत्र ‘कृष्ण’वर तुटतो. ‘हरि’ म्हणायचाच नाही. ज्याने हा मंत्र शेकडो वेळा ऐकलाय त्याच्या डोक्यात त्या दोन मात्रा आपोआप वाजतात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली कमाई तीच. ओळ पूर्ण करून थांबलो असतो तर लोकांना वाटलं असतं की भजन संपलं. अर्धवट सोडल्यामुळे कुणी हलत नाही. पेटी दोन मात्रा जास्त राहते, म्हणजे आवाज कुऱ्हाडीने तोडल्यासारखा न जाता पायरीपायरीने उतरतो. मग ‘ख’ची आठ आणि ‘ग’ची सहा, एकूण चौदा मात्रा कुणाचाही आवाज नाही. चौदा सेकंद ऐकायला थोडे वाटतात. हातात टाळ धरून, समोर दोनशे माणसं बसलेली असताना ते मोजून बघा.

‘ग’च्या सातव्या मात्रेवर बुवा एकटे राहून गेलेला ‘हरि’ म्हणतात. बाकीचे त्यांच्या ‘रि’वर श्वास घेतात, म्हणून तिथे ‘श’ लिहिलाय, आणि समेवर सगळे एकत्र. या रचनेतली खरी सोय अशी की चौदाही जणांनी चौदा मात्रा अचूक मोजायची गरजच उरत नाही. मोजायचं एकट्या बुवांनी. त्यांनी तेरा मोजल्या काय नि पंधरा काय, ऐकणाऱ्याला कळणार नाही. ‘ह’पासून ‘जय’पर्यंतच्या दोन मात्रा तेवढ्या नेमक्या पडल्या पाहिजेत, आणि त्या तर सगळ्यांच्या अंगवळणी आहेत. आम्ही आधी सगळ्यांना मोजायला लावत होतो. तेव्हा दर खेपेला कुणीतरी एक जण अर्धी मात्रा आधी ‘ज—’ करून पुढे येई, आणि तो अर्धा ‘ज’ संपूर्ण शांततेपेक्षा जास्त लक्षात राहत असे.

ठेका नसला की माणूस मोजताना घाई करतो. हे आमच्याकडे प्रत्येकाचं झालं, बुवांचंसुद्धा. फोनवर तालीम रेकॉर्ड करून मी शांततेची लांबी बघितली तेव्हा चौदा सेकंदांची जागा दहा-अकरात उरकलेली असे. उपाय साधा होता: मोजताना मनात आकडे म्हणायचे नाहीत, मंत्रच म्हणायचा. आकडे पळतात, कारण ‘एक, दोन’ म्हणायला श्वास लागत नाही. मंत्र त्याच्या नेहमीच्या चालीने चालतो. शिवाय आमचे पखवाजवाले काका डावा अंगठा मांडीवर हलवत राहतात. तो बुवांना दिसतो, लोकांना नाही.

वादकांना मोजलेल्या शांततेची सवय गायकांपेक्षा जास्त असते. तिहाईमध्ये एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात, आणि तुकड्यांच्या मध्ये जागा सोडली तर तिला दमदार तिहाई म्हणतात. ती जागा म्हणजे ‘दम’. दम पाव मात्रेने चुकला तरी तिसरा ‘धा’ समेच्या अलीकडे-पलीकडे पडतो, म्हणून तबलजी तो बोलाइतक्याच काळजीने घोकतो. आमच्या गायकांना डबा कळेना तेव्हा काकांनी त्यांना तिहाई वाजवून दाखवली आणि म्हणाले, ‘हा दम मी वाजवलाय, सोडलेला नाही.’ त्यानंतर मला फार समजावावं लागलं नाही.

आता कागदावर चौकोन काढणं सोपं, पण वस्तू ऐकत नाहीत. टाळ एकमेकांवर आपटून सोडले की नाद कितीतरी वेळ घुमत राहतो, म्हणजे डबे सुरू झाले तरी टाळ बोलतच असतात. शेवटच्या आघातानंतर ते लगेच छातीला टेकवून दाबायचे. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक असते, तिची घुमारी तळहाताने मारावी लागते. पेटीवरचं बोट उचललं तरी भात्यात हवा उरलेली असेल आणि एखादी पट्टी नीट बसत नसेल तर बारीक सूर गळत राहतो. माझ्या पेटीची वरच्या सप्तकातली एक पट्टी अशी होती आणि तिच्यात दोष असल्याचं मला या चौदा सेकंदांमुळे कळलं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा कुणी बंद करायचा हे आधी ठरवावं लागतं. ठरवलं नाही तर तो ठणठणीत चालू राहतो आणि तिन्ही थरांची म्हणून लिहिलेली शांतता आपोआप दुसऱ्या प्रकारची होते. एकदा तसं झालं आणि ते वाईट लागलं नाही, पण आपण जे ठरवलं ते झालं नाही हेही खरं.

देऊळही आवाज करतं. दगडी सभामंडपात टाळी वाजवून ती विरेपर्यंत मोजा. दोन सेकंद लागले, तर आपल्या मात्रेच्या हिशेबाने पहिले दोन डबे प्रतिध्वनीचे, आपले नाहीत. तिथे दोन डबे वाढवावे लागतात. पत्र्याच्या मंडपात रस्त्याकडेला बसलो असलो तर प्रतिध्वनी नाही, पण जनरेटर आहे, रिक्षा आहेत, आणि तिथे पूर्ण शांतता उमटतच नाही. अशा ठिकाणी मी कागदावरच्या ‘ख’ आवर्तनावर काट मारते आणि पेटीचा षड्ज चालू ठेवते. हट्ट करून उपयोग नसतो.

ध्वनिक्षेपकवाल्या माणसाला आधी सांगितलं नाही तर काय होतं तेही सांगते. आवाज एकदम गेला म्हणून त्याला वाटतं माइक बंद पडला. तो सगळ्या खिट्या वर सरकवतो, आणि सातव्या-आठव्या सेकंदाला सभामंडपात जी शिट्टी घुमते तिला कुठल्याच लिपीत खूण नाही. तेव्हापासून कार्यक्रमाआधी त्याच्या हातात कागदाची एक प्रत असते आणि त्या चौदा मात्रांवर लाल शाईने लिहिलेलं असतं: ‘हात लावू नका’.

श्रोत्यांना कागद देता येत नाही, त्यांना शरीरातून कळतं. शांतता सुरू होताच टाळ मांडीवर ठेवले, पाण्याचा पेला उचलला, पान उलटलं, की लोकांना भजन संपलं असं वाटतं आणि कुणीतरी मोठ्याने ‘पुंडलीक वरदे’ सुरू करतो, मग सगळे त्यात सामील होतात आणि बुवांचा ‘हरि’ वाहून जातो. टाळ छातीशीच धरून ठेवले, नजर हलली नाही, तर लोकही थांबून राहतात. म्हणून आमच्या कागदात आता डब्यांच्या ओळीवर एक सूचना असते: ‘हात वर’. संपल्यावर, म्हणजे खरंच संपल्यावर, ‘हात खाली’.

आतापर्यंतची शांतता मोजलेली होती. दुसरी एक जात आहे, जिच्यात मात्रा नसतातच. पसायदान संपलं, दिवा मंद केला, आणि आता किती वेळ बसायचं हे ठरलेलं नाही. मांडूक्य उपनिषदात ॐकाराच्या अ, उ, म या तीन मात्रा सांगून झाल्यावर चौथ्याला ‘अमात्र’ म्हटलंय. तिथला अर्थ तत्त्वज्ञानाचा, आणि मला त्यात शिरायचं नाही, पण कागद लिहिणारीला तो शब्द आयता मिळाला. अमात्र विरामाला मी चौकोन वापरत नाही, कारण चौकोन दिसला की लोक मोजायला लागतात. एक कमान काढते, तिच्यात एक टिंब, पाश्चात्य स्वरलेखनात ‘इथे हवं तितकं थांबा’ याला असते तशी. मंडळात तिचं नाव ‘छत्री’. छत्रीखाली सेकंद लिहायचे नाहीत, माणसाचं नाव लिहायचं: ‘बुवा मान वर करतील तोवर’. नाव लिहिलं नाही तर छत्री फसते, कारण चौदा जणांचं ‘हवं तितकं’ चौदा प्रकारचं असतं.

आणि ती खूण कानांना नव्हे, डोळ्यांना दिलेली बरी. छोट्या मंडळात हे जाणवत नाही, पण वारीत त्याचं कारण स्वच्छ दिसतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड वर उचलतात आणि तो कल्लोळ थांबतो. हजारो माणसं, आणि कुणाच्या हातात कागद नाही. ओरडून हे झालं नसतं. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याला हाक पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चढ्या लयीत, मिनिटाला १२० मात्रांवर, ती जवळजवळ अर्धी मात्रा झाली, आणि तीही गजरात ऐकू आली तर. उंच धरलेला दंड सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो.

तळावरच्या या आरतीला समाज आरती म्हणतात, आणि तिच्या आधीच्या या शांततेला आणखी एक वापर आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, दिवसभरात काही अन्याय झाला असला, तर ती दिंडी दंड वर गेल्यावरही टाळ वाजवत राहते. बाकी सगळं गप्प असल्यामुळे ती कुठे आहे हे लगेच कळतं. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, तोडगा निघाला की ते टाळही थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची आणि उद्याच्या मुक्कामाची सूचना होते, आणि आरती.

हे सांगितल्यावर आमच्या तालमीत एका काकूंनी छत्रीच्या जागी मुद्दाम टाळ वाजवत ठेवले. बुवांनी मान वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. शेवटी पेटीवरचा हात काढून मी विचारलं, ‘काय झालं, काकू?’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या कागदावर दुसरं पान नाहीये.’